चार टक्के कुठून आले?

शेगावच्या उत्तरेला पूर्णा नदीचे खोरे लागते आणि त्याबरोबर खारपाणपट्टाही. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातल्या विहिरींचे आणि बोअरवेलचे पाणी अनेक ठिकाणी तोंडात धरवत नाही. कुठे साबणाला फेस येत नाही, कुठे तुरीची डाळ तासभर शिजत ठेवली तरी मऊ होत नाही. शेगावात १९८३ पासून श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रात जवळपास सगळीकडे एक प्रयोग असतो : ईडीटीए वापरून पाण्याचा कठीणपणा काढणे. इतर गावांतल्या मुलांसाठी तो एक प्रयोग असतो. इथल्या मुलांसाठी तो घरच्या हंड्यातल्या पाण्याचा हिशेब असतो.

प्रयोग दोन तासांत उरकतो. रीडिंग येतात, आकडेमोड होते, जर्नलमध्ये तक्ता भरला जातो. मग शेवटी ‘चर्चा’ हा भाग येतो आणि तिथे बहुतेक जर्नलांत एकच मजकूर सापडतो : ‘मानवी चुका, पॅरालॅक्स आणि उपकरणांतील दोष यांमुळे निष्कर्षात त्रुटी आली. पुढील वेळी अधिक काळजी घ्यावी.’ हे वाक्य कोणत्याही प्रयोगाखाली लिहिता येते. लोलकाच्या प्रयोगाखालीही ते चालेल. ज्या प्रयोगाबद्दल ते लिहिले आहे, त्याविषयी मात्र ते काहीच सांगत नाही.

चर्चेत लिहायचे काय, हे एका उदाहरणावरून नीट उलगडते. उदाहरणातले आकडे समजावून सांगण्यासाठी बेतलेले आहेत, ते कोणत्याही एका प्रयोगशाळेतले नाहीत. त्यामागचे रसायन मात्र जसेच्या तसे आहे.

शिक्षक एक प्रमाणित द्रावण देतात. त्याचा कठीणपणा त्यांना ठाऊक असतो : लिटरमागे ८०० मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. विद्यार्थी पिपेटने त्यातले २५ मिली कॉनिकल फ्लास्कमध्ये घेतो, मोजपात्राने २५ मिली डिस्टिल्ड वॉटर घालतो, पीएच १० च्या आसपास राहावा म्हणून २ मिली अमोनिया बफर घालतो आणि एरिओक्रोम ब्लॅक टी या इंडिकेटरची चिमूट टाकतो. द्रावण गडद वाइनसारखे लाल होते. ब्युरेटमध्ये ०.०१ मोलर ईडीटीए असते. ते थेंबाथेंबाने पडते, फ्लास्कमधले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकेक करून पकडते आणि शेवटचे मॅग्नेशियम इंडिकेटरच्या तावडीतून सुटले की लाल रंग जाऊन स्वच्छ निळा येतो. स्वित्झर्लंडच्या गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी १९४० च्या दशकात ही पद्धत उभी केली. त्याआधी कठीणपणा मोजायचा तर पाण्यात साबणाचे द्रावण घालून फेस टिकेपर्यंत हलवत बसावे लागे.

हिशेब सोपा आहे. २५ मिलीमध्ये २० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, आणि या ईडीटीएचा एक मिली एक मिलिग्रॅमला पुरतो. म्हणजे ब्युरेटवर २०.० मिली यायला हवेत. आपल्या विद्यार्थ्याला तीनदा २०.८ आले. त्याने ‘सीबीआर मिळाले’ असे लिहिले, कठीणपणा लिटरमागे ८३२ मिलिग्रॅम काढला आणि टक्केवारी त्रुटीचे सूत्र लावले : मिळालेल्या किमतीतून मान्य किंमत वजा करायची, उत्तराला मान्य किमतीने भागायचे आणि १०० ने गुणायचे. आली +४.० टक्के.

या अधिक चिन्हाला जपायला हवे. अनेक पुस्तकांत सूत्राला उभ्या रेघा घालून चिन्ह पुसून टाकलेले असते आणि विद्यार्थी नुसते ‘४ टक्के’ लिहितात. त्रुटीचे कारण शोधायचे असेल तर दिशा ही पहिली खूण असते. आकडा वर गेला आहे, म्हणजे एक तर फ्लास्कमध्ये ईडीटीएला खाणारे काहीतरी जास्त होते, किंवा ईडीटीए लेबलवर लिहिले आहे त्यापेक्षा पातळ होते, किंवा एंड पॉइंट उलटून गेला, किंवा ब्युरेटने खोटे आकारमान दाखवले. फ्लास्कमधून थेंब बाहेर उडाला, पिपेट खुणेच्या खाली भरली गेली, अशी कारणे इथे लिहिताच येत नाहीत, कारण त्यांनी आकडा खाली गेला असता. तरीही ही कारणे +४ टक्क्यांच्या खाली लिहिलेली दिसतात.

दुसरी खूण म्हणजे तीन रीडिंगचे एकमत. सीबीआर मिळाले म्हणजे उत्तर बरोबर आले, असा समज रूढ आहे. एकसारख्या रीडिंगवरून हात स्थिर होता एवढेच कळते. तीनही वेळा तीच चूक तितकीच होत असेल, तर रीडिंग एकसारखेच येईल आणि तितकेच चुकीचेही येईल. यातून चर्चेसाठी एक मोलाची गोष्ट हाती लागते : जे कारण दर वेळी वेगवेगळे घडते, ते इथे मुख्य कारण असू शकत नाही. ब्युरेटच्या टोकात अडकलेला हवेचा बुडबुडा पहिल्या टायट्रेशनमध्ये निघून गेला असता, तर फक्त पहिलेच रीडिंग फुगले असते.

तिसरी खूण आकाराची, आणि चर्चेचा खरा कस इथे लागतो. जादा गेलेले ईडीटीए ०.८ मिली आहे. प्रत्येक संशयिताला विचारायचे : तू एवढे करू शकतोस का?

पॅरालॅक्सपासून सुरुवात करू. ब्युरेटवर ०.१ मिलीच्या रेघा असतात आणि डोळ्याने त्यांच्या मधला अर्धा भाग ओळखता येतो. सुरुवातीचे आणि शेवटचे अशा दोन्ही वाचनांत ०.०५ मिलीची चूक विरुद्ध दिशांनी झाली, तरी एकूण ०.१ मिली होते, म्हणजे अर्धा टक्का. शिवाय दोन्ही वेळा डोळा सारखाच वर किंवा खाली असेल, तर वजाबाकीत ती चूक बहुतांशी कटूनच जाते. एंड पॉइंट उलटण्याचे पाहू. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा, म्हणजे पाव टक्का. ०.८ मिली जास्त पडायला सोळा थेंब लागतील. लाल रंग जाऊन निळा आल्यावरही सोळा थेंब घालत राहिलेला विद्यार्थी दिसायला कठीण. काचसामानाचे म्हणावे, तर ‘ब’ वर्गाच्या ५० मिली ब्युरेटला ०.१ मिलीची आणि २५ मिली पिपेटला ०.०६ मिलीची सूट दिलेली असते. पहिली अर्धा टक्का, दुसरी पाव टक्का.

या सगळ्यांनी संगनमत केले आणि सगळ्या चुका एकाच दिशेने झाल्या असे धरले, तरी बेरीज दीड टक्क्याच्या आसपास जाते. चार टक्के त्यातून निघत नाहीत. ‘पॅरालॅक्समुळे’ लिहिणारा विद्यार्थी खोटे बोलत नसतो, पण मोजमाप करून पाहिले असते तर ते कारण त्याने स्वतःच खोडले असते.

मग मोठे संशयित उरतात. पहिला, ओली ब्युरेट. ब्युरेट पाण्याने धुतली आणि ईडीटीएने खंगाळली नाही, तर आत राहिलेले पाणी ईडीटीए पातळ करते. ५० मिलीमध्ये सुमारे २ मिली पाणी राहिले की चार टक्के भरतात. हे कारण दिशेने जुळते आणि आकारानेही, म्हणून ते लिहून मोकळे व्हावे असे वाटते. पण रीडिंगकडे पुन्हा पाहायला हवे. दोन टायट्रेशनमध्ये ४१.६ मिली संपले, म्हणजे तिसऱ्याआधी ब्युरेट पुन्हा भरावी लागली. त्या नव्या ईडीटीएने उरलेले पाणी आणखी विरळ झाले असते आणि तिसरे रीडिंग २०.१ च्या जवळ उतरले असते. ते २०.८ वरच राहिले. म्हणून ओली ब्युरेट बाद.

दुसरा संशयित, नमुन्यानेच खंगाळलेला फ्लास्क. पिपेट आणि ब्युरेट ज्या द्रावणाने भरायची त्यानेच खंगाळायची असते, फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने. नव्या विद्यार्थ्याचा इथे हमखास घोटाळा होतो. फ्लास्कमध्ये नमुन्याचा १ मिली जास्त राहिला की २५ वर चार टक्के वाढतात. पुन्हा दिशा आणि आकार दोन्ही जुळले. पण खंगाळून ओतल्यावर दर वेळी फ्लास्कमध्ये अगदी तेवढाच एक मिली उरत नाही. अडीच थेंबांचा फरक पडला तरी ब्युरेटवर ०.१ मिली हलते. तीन समान रीडिंग या कारणाच्याही विरोधात जातात.

आता दोघेच राहतात आणि दोघेही दर वेळी सारखेच वागणारे आहेत. एक, ईडीटीए ०.०१ मोलरपेक्षा कमी आहे. लिटरमागे ३.७२ ग्रॅम डायसोडियम क्षार घ्यायचा असताना ३.५८ ग्रॅमच गेला, तरी एवढे होते. दोन, बफर, डिस्टिल्ड वॉटर किंवा इंडिकेटर यांपैकी कशात तरी आधीपासूनच कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम आहे.

कागदावर बसून या दोघांत निवाडा करता येत नाही. मात्र दोन टायट्रेशन जास्त केली की तो होतो. पहिले, नमुना कमी घ्यायचा : २५ ऐवजी १० मिली, बाकी पाणी, बफर आणि इंडिकेटर तेवढेच. अपेक्षित रीडिंग ८.० मिली. ईडीटीए पातळ असेल तर चूक प्रमाणात राहील आणि ८.३ येईल. बाहेरून आलेले कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर ते नमुन्याच्या आकारमानाकडे पाहत नाही. ते आधी जेवढे ईडीटीए खात होते तेवढेच आताही खाईल आणि रीडिंग ८.८ च्या जवळ जाईल. समजा, आले ८.७. टक्केवारी त्रुटी चारवरून जवळपास नऊवर गेली. नमुना कमी केल्यावर टक्का वाढला, याचा अर्थ चूक ठरावीक आकाराची आहे. ईडीटीएची बाटली निर्दोष सुटली.

दुसरे टायट्रेशन म्हणजे ब्लँक. नमुना घ्यायचाच नाही, फक्त २५ मिली डिस्टिल्ड वॉटर, २ मिली बफर आणि इंडिकेटर. सगळे शुद्ध असेल तर द्रावण सुरुवातीलाच निळे दिसायला हवे. आपल्या उदाहरणात ते लाल दिसते आणि निळे व्हायला ०.७ मिली ईडीटीए घेते. पाणी दुप्पट घेतले तरी ०.७ च राहते. बफर दुप्पट घेतला की १.४ होते. दोषी सापडला : बफर.

बफरमध्ये मॅग्नेशियम असते, ते मुद्दाम घातलेले असते. एरिओक्रोम ब्लॅक टी कॅल्शियमबरोबर नीट रंग बदलत नाही, त्याला थोडे मॅग्नेशियम लागते. म्हणून प्रचलित कृतीत २५० मिली बफरमागे ७८० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि त्याला बरोबर पुरेल एवढे, म्हणजे १.१७९ ग्रॅम ईडीटीएचे क्षार घालतात. दोघांचे रेणू सारख्या संख्येने असल्याने एकमेकांना धरून बसतात आणि हिशेबात काहीच भर पडत नाही. पण कोणी वजनाच्या वेळी ७८० मिलिग्रॅमऐवजी सरळ एक ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घेतले, तर २२० मिलिग्रॅम मोकळे राहते. २ मिली बफरमधून त्याचा जो वाटा फ्लास्कमध्ये येतो, तो नेमके ०.७ मिली ईडीटीए खातो. ही आकडेमोड चर्चेत दिली, तर संशय वजनापर्यंत पोचतो. बफर कोणी कसा केला हे विद्यार्थ्याने पाहिलेले नसते, म्हणून ‘वजन चुकले’ असे ठामपणे लिहायचे नाही. ‘वजनात एवढा फरक पडला असल्यास निरीक्षणाशी जुळते’, इथे थांबायचे.

आता हीच चर्चा जर्नलमध्ये अशी उतरते :

‘प्रमाणित द्रावणाचा कठीणपणा ८३२ मिग्रॅ/लि. आला, मान्य किंमत ८०० मिग्रॅ/लि. असल्याने त्रुटी +४.० टक्के आहे. तिन्ही रीडिंग समान असल्याने त्रुटी पद्धतशीर स्वरूपाची आहे. वाचन, एक थेंब जास्त पडणे आणि काचसामानाची सूट मिळून जास्तीत जास्त सुमारे १.५ टक्के त्रुटी संभवते, ती पुरेशी नाही. नमुना १० मिली घेतल्यावर त्रुटी ८.८ टक्के झाली, म्हणून ती ईडीटीएच्या संहतीमुळे नसून ठरावीक आकाराची आहे. ब्लँकसाठी ०.७ मिली ईडीटीए लागले. बफर दुप्पट केल्यावर ते १.४ मिली झाले, पाणी दुप्पट केल्यावर बदलले नाही. त्यामुळे बफरमध्ये मोकळे मॅग्नेशियम असावे. ब्लँक वजा करून रीडिंग २०.१ मिली, कठीणपणा ८०४ मिग्रॅ/लि. आणि त्रुटी +०.५ टक्के होते. उरलेली त्रुटी ब्युरेटच्या वाचनमर्यादेत बसते, तिचे वेगळे कारण या प्रयोगातून सांगता येत नाही.’

या परिच्छेदात ‘मानवी चूक’ हे शब्द कुठेच आलेले नाहीत. शेवटचे वाक्यही लक्षात घेण्यासारखे आहे. उरलेला अर्धा टक्का ०.१ मिलीचा आहे आणि दोन वाचनांच्या फरकात ब्युरेटला त्याहून बारीक दिसत नाही. त्याला कारण चिकटवण्याचा मोह आवरलेला बरा. जास्तीची टायट्रेशन करायला वेळ मिळाला नसेल, तर चर्चा ‘ईडीटीएची संहती किंवा ब्लँक, यांपैकी एक’ इथपर्यंत येऊन थांबते आणि पुढे कोणती चाचणी करायची ते सांगते. तेही पूर्ण उत्तर आहे.

दुसऱ्या फेरीत मुले घरून आणलेले बोअरचे पाणी तपासतात आणि तिथे एक वेगळीच गफलत होते. भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. काही विद्यार्थी २०० ही ‘मान्य किंमत’ धरून बोअरच्या पाण्याची टक्केवारी त्रुटी काढतात आणि ती दोनशे टक्के आली की आपल्या हातून भयंकर चूक झाली असे समजून कारणे लिहीत सुटतात. २०० हा आकडा पाणी कसे असावे ते सांगतो. ते कसे आहे, हे त्याला ठाऊक नसते. विहिरीच्या पाण्याला मान्य किंमत नसते, त्यामुळे तिथे टक्केवारी त्रुटी निघतच नाही. तिथे लिहायचे ते एवढेच : त्याच दिवशी, त्याच बाटल्यांनी प्रमाणित द्रावणावर किती त्रुटी आली, ब्लँक किती होता आणि म्हणून या आकड्यावर किती भरवसा ठेवावा.

खारपाणपट्ट्यात आणखी एक सावधगिरी लागते. पाण्याचा खारटपणा बराचसा सोडियमच्या क्षारांचा असतो आणि ईडीटीए या प्रयोगात सोडियमला मोजत नाही. चवीला अतिशय खारे पाणी कठीणपणात मध्यम निघाले, तर ती त्रुटी नव्हे. अशा वेळी चर्चेत एंड पॉइंटवर ठपका ठेवण्याऐवजी विद्राव्य क्षारांचे प्रमाण वेगळे मोजायला सुचवावे.

ब्लँकचे महत्त्वही घरून आणलेल्या पाण्याच्या नमुन्यातच कळते. ०.७ मिली म्हणजे २५ मिली नमुन्याच्या हिशेबात लिटरमागे २८ मिलिग्रॅम. कठीणपणा ६० असलेल्या मृदू पाण्यात ही भर जवळजवळ निम्मी होते. एखाद्या बोअरच्या पाण्याला १५.४ मिली ईडीटीए लागले, तर थेट हिशेबाने कठीणपणा ६१६ येतो आणि पाणी मर्यादेबाहेर जाते. ब्लँक वजा केला की १४.७ मिली उरतात आणि कठीणपणा ५८८ होतो. ब्युरेटचे ०.१ मिली इकडे तिकडे झाले तरी तो ५८४ ते ५९२ मध्येच राहतो, ६०० च्या आत.